कापलेला टीडीएस म्हणजे कर नव्हे: एनआरओ, एनआरई आणि अमेरिकेचं विवरणपत्र

भारतातल्या मुदत ठेवीचं तिमाहीचं व्याज ३५,००० रुपये, आणि खात्यात जमा झाले २४,०८०. मधले १०,९२० रुपये बँकेने टीडीएस म्हणून कापून घेतले होते. म्हणजे ३१.२ टक्के. याच ठेवीवर मी भारतात असताना १० टक्के कापले जायचे, आणि तेव्हा माझं उत्पन्न आतापेक्षा किती तरी जास्त होतं. भारतात पगार नाही, भाडं नाही, शेअर नाहीत. असं असताना कर तिपटीने कसा वाढला, हे समजून घ्यायला बसलो आणि त्यातून अमेरिकेच्या विवरणपत्रापर्यंत जाऊन पोचलो.

मी जून २०२३ मध्ये नोकरीसाठी अमेरिकेत आलो. परकीय चलनाच्या कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, नोकरीसाठी देश सोडणारा माणूस बाहेर पडला की अनिवासी ठरतो. त्यासाठी वर्ष पुरं व्हावं लागत नाही. त्याचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. आयकर कायद्याचा हिशेब वेगळा, तो दिवसांवर चालतो. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या भारतीय नागरिकाला १८२ दिवसांची कसोटी लागते. एप्रिल ते जून मी भारतात होतो, त्यामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षात मी करासाठीही अनिवासीच.

पोचल्यावर बँकेला अर्ज पाठवला. पासपोर्ट, व्हिसा, इथला पत्ता, पॅन, सह्या, सगळं. बचत खातं एनआरओ झालं, पण त्याला जोडलेली २० लाखांची मुदत ठेव बँकेच्या संगणकात निवासी म्हणूनच राहिली. हे मला खात्याच्या उताऱ्यात दिसलं नाही, फॉर्म २६एएस मध्ये दिसलं. त्या फॉर्मात प्रत्येक कपातीसमोर कलम लिहिलेलं असतं. निवासी माणसाच्या व्याजावरची कपात १९४ए खाली येते, अनिवासीची १९५ खाली. माझ्या बचत खात्याच्या व्याजासमोर १९५ होतं आणि ठेवीच्या व्याजासमोर १९४ए. एकाच पॅनवर मी निवासी आणि अनिवासी दोन्ही!

बँकेत फोन केला तर पलीकडचे अधिकारी म्हणाले, "सर, टॅक्स कमीच कापला जातोय ना तुमचा? मग राहू द्या की." सल्ला प्रेमळ होता, पण कामाचा नव्हता. कपात कमी झाली म्हणून माझा कर कमी होत नाही, आणि रेकॉर्डवर मी निवासी दिसत राहिलो तर पुढे विवरणपत्रात अनिवासी लिहिल्यावर दोन्ही माहित्या जुळणार नाहीत. मी लेखी विनंती केली, ठेव एनआरओ झाली, आणि पुढच्या तिमाहीपासून ३१.२ टक्के सुरू झाले.

हा आकडा कुठून येतो ते सांगतो. एनआरओ व्याजावर बँकेने सरसकट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर कापायचा असतो. निवासी माणसाला ठरावीक रकमेपर्यंत कपातच होत नाही, तशी सूट इथे नाही. पहिल्या रुपयापासून कात्री. बचत खात्याच्या व्याजावर निवासी माणसाचा टीडीएस कापला जात नाही, अनिवासीचा तोही कापला जातो. आणि उत्पन्न कमी आहे म्हणून १५जी फॉर्म देऊन कपात थांबवावी, तर तो फॉर्म फक्त निवासी लोकांसाठी आहे. मला आतापर्यंत दोघा-तिघांनी हा फॉर्म भरायला सांगितलं आहे, त्यातला एक बँकेचाच माणूस होता.

आता २०२४-२५ चा हिशेब मांडतो, कारण ते माझं पहिलं पूर्ण वर्ष होतं. २० लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी १,४०,००० रुपये, एनआरओ बचत खात्यावर सुमारे १०,०००. मिळून दीड लाख. त्यावर टीडीएस ४६,८००. याशिवाय इथल्या पगारातून पाठवलेल्या पैशांची १० लाखांची एनआरई ठेव २०२३ च्या अखेरीस केली होती, तिचं व्याज ७०,०००. त्यावर कपात शून्य, कारण एनआरई व्याज भारतात करमुक्त आहे.

भारतात माझं करपात्र उत्पन्न किती? दीड लाख. त्या वर्षी नव्या पद्धतीत तीन लाखांपर्यंत आणि जुन्या पद्धतीत अडीच लाखांपर्यंत कर नव्हता, आणि ही मूळ मर्यादा अनिवासीलाही मिळते. (कलम ८७ए ची जी मोठी रिबेट जाहिरातीसारखी सगळीकडे सांगितली जाते, ती मात्र अनिवासीला मिळत नाही. त्या वर्षी सात लाखांपर्यंत कर नाही असं ऐकून परदेशातले काही जण निर्धास्त होते, ते चूक होतं.) म्हणजे माझा भारतातला खरा कर शून्य. कापलेले ४६,८०० हे कर नव्हतेच, ती सरकारकडे पडून असलेली माझी अनामत होती. विवरणपत्र भरलं की परत.

इथे डीटीएएचा विषय निघतो. भारत आणि अमेरिका यांच्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात अशा व्याजावर भारताने जास्तीत जास्त १५ टक्के कर घ्यावा असं ठरलं आहे. बँकेला कागद दिले तर बँक ३१.२ ऐवजी १५ टक्केच कापते, आणि करारातल्या दरावर उपकरही लागत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याकडून निवासाचा दाखला हवा, तो फॉर्म ६१६६. तो मागवायला फॉर्म ८८०२ भरायचा, ८५ डॉलर फी, आणि हातात यायला वेळ. शिवाय भारतीय पोर्टलवर फॉर्म १०एफ ऑनलाइन भरायचा आणि बँकेला स्वयंघोषणापत्र द्यायचं. सगळं दरवर्षी नव्याने.

मी सीएंना विचारलं, हे करू का? त्या म्हणाल्या, "तुमचा अंतिम कर शून्य आहे. ३१ कापले तरी सगळे परत येणार, १५ कापले तरी सगळे परत येणार. काही महिने पैसे कमी अडकावेत म्हणून ८५ डॉलर आणि एवढी कागदपत्रं करायची असतील तर करा." नाही केलं. पण ज्याला भारतात भाडं किंवा इतर मोठं उत्पन्न आहे आणि जो ३० टक्क्यांच्या टप्प्यात जातो, त्याच्यासाठी हा दाखला म्हणजे खरा पैसा आहे. त्याचं कारण पुढे येईल.

अमेरिकेकडे वळू. २०२४ मध्ये मी पूर्ण वर्ष अमेरिकेचा कर-निवासी होतो. एच-वन-बी वर असलो, ग्रीन कार्ड नसलं, तरी दिवसांची कसोटी पार केली की अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. जगभरच्या म्हणजे एनआरओ आणि एनआरई दोन्ही व्याजांवर. "एनआरई टॅक्स फ्री आहे" हे वाक्य अर्धंच खरं आहे. ते भारतापुरतं आहे. अमेरिकेच्या कायद्याला भारताच्या आयकर कायद्यातली सूट माहीत नाही. माझ्या ओळखीत अनेक वर्षं इथे राहून एनआरई व्याज कधीच न दाखवणारी माणसं आहेत, आणि त्यांची लपवायची इच्छा नाही, त्यांना ते खरंच करमुक्त वाटतं. अशा वेळी कोणताही फॉर्म घरी येत नाही, हेही एक कारण. इथल्या बँका जानेवारीत १०९९-आयएनटी पाठवतात, ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की झालं. भारतातली बँक तसं काही पाठवत नाही. आकडा आपणच काढून आपणच टाकायचा.

आकडा काढताना पहिली अडचण वर्षाची. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे २६एएस मधला वार्षिक आकडा उचलून चालत नाही. जानेवारी ते मार्च २०२४ ची तिमाही भारताच्या २०२३-२४ मध्ये आहे आणि उरलेल्या तीन २०२४-२५ मध्ये. मी खात्याचे उतारे काढले आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा चार जमा घेतल्या. माझं व्याज दर तिमाहीला सारखंच येत असल्याने बेरीज तीच झाली, पण ठेव मध्येच मोडली किंवा दर बदलला की दोन वर्षांचे आकडे वेगळे पडतात. आणखी एक: जमा धरायची ती टीडीएसपूर्वीची. खात्यात आले २४,०८०, पण उत्पन्न ३५,०००.

दुसरी अडचण रुपयाच्या दराची, ती सोपी निघाली. अमेरिकेचं कर खातं दरवर्षी सरासरी दर जाहीर करतं. २०२४ साठी तो एका डॉलरला ८३.६७७ रुपये होता. वर्षभर थोडं थोडं आलेल्या व्याजाला तो वापरता येतो. एनआरओचे दीड लाख म्हणजे १,७९३ डॉलर, एनआरईचे ७०,००० म्हणजे ८३७ डॉलर. मिळून २,६३० च्या आसपास. मी २२ टक्क्यांच्या टप्प्यात होतो, म्हणून केंद्राचा कर सुमारे ५७८ डॉलर, रुपयांत ४८,००० च्या वर. राज्याचा आयकर वेगळा. हे सगळं विवरणपत्रातल्या व्याजाच्या तक्त्यात, शेड्यूल बी मध्ये, बँकेच्या नावासह लिहायचं. त्याच शेड्यूलच्या शेवटच्या भागात परदेशात खातं आहे का, असा प्रश्न असतो. तिथे हो म्हणून देशाचं नाव टाकायचं.

आता मुद्द्याचा प्रश्न. भारतात ४६,८०० कापले गेले आहेत, म्हणजे ५५९ डॉलर. मग ते अमेरिकेच्या करातून वजा का करू नयेत? त्यासाठीच तर फॉर्म १११६ आहे, परदेशात भरलेल्या कराचं श्रेय घेण्यासाठी.

ऑफिसमधल्या एका मित्राने नेमकं हेच केलं होतं. एप्रिलमध्ये इथल्या विवरणपत्रात टीडीएसचा पूर्ण आकडा श्रेय म्हणून टाकला, आणि जुलैमध्ये भारतात विवरणपत्र भरून तोच टीडीएस परत घेतला. तो मला मोठ्या उत्साहाने ही युक्ती सांगत होता. ही युक्ती नाही, एकाच पैशाची दोनदा वसुली आहे. अमेरिकेचा नियम असा की श्रेय मिळतं ते परदेशाला खरोखर देणं लागणाऱ्या अंतिम कराचं. जो परत मागता येतो तो कर धरला जात नाही, आपण तो परत मागितला नाही तरीही. आपण आळस करून भारतात विवरणपत्रच भरलं नाही, तर अमेरिका म्हणते की ती रक्कम तुम्ही आपखुशीने सोडलीत, आम्ही का भरून द्यायची? आणि श्रेय घेतल्यावर नंतर भारताकडून परतावा आला, तर अमेरिकेचं विवरणपत्र १०४०-एक्स भरून दुरुस्त करावं लागतं. मित्राने पुढे ते केलं, व्याजासकट.

त्यामुळे मी शून्य श्रेय घेतलं. भारतात माझा अंतिम कर शून्य, तर अमेरिकेत वजावट शून्य. ४६,८०० भारताकडून परत, आणि ५७८ डॉलर अमेरिकेला. दोन्हीकडे मिळून कर एकदाच बसला, फक्त तो मी जिथे राहतो तिथे बसला. एप्रिलमध्ये मात्र हे जरा जड गेलं, कारण त्या महिन्यात अमेरिकेला पूर्ण कर भरलेला होता आणि भारतातले पैसेही अजून अडकलेलेच होते.

ज्याचं भारतातलं उत्पन्न मोठं आहे त्याचं गणित इथे वेगळं होतं. समजा याच दीड लाख व्याजाशिवाय त्याला भारतात एवढं भाडं आहे की व्याजावर ३० टक्के दराने कर बसतो. कराराप्रमाणे भारताचा हक्क १५ टक्क्यांचा, म्हणजे २२,५०० रुपये. अमेरिका जास्तीत जास्त तेवढ्याचंच श्रेय देईल. वरचे २४,३०० भारताकडूनच मागायला हवेत, विवरणपत्रात कराराचा दर लावून, आणि तो लावायला निवासाचा दाखला हाताशी हवा. दाखला नाही म्हणून भारतात ३१.२ टक्के भरून मोकळा झालेला माणूस मधली रक्कम दोन्हीकडून गमावतो. सीए भारतातला कर बघतात, इथला सल्लागार इथला. ही मधली फट दोघांपैकी कुणी आपणहून दाखवेल अशी अपेक्षा धरू नये.

करापेक्षा वेगळी, पण त्याच खात्यांवरून येणारी एक गोष्ट म्हणजे एफबार. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी हा अहवाल द्यावा लागतो. तो कर खात्याच्या विवरणपत्रासोबत जात नाही, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा. फी नाही, करही नाही. मुदत १५ एप्रिल, आणि न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. माझ्या दोन ठेवी आणि बचत खातं मिळून सुमारे ३९,००० डॉलर होत होते, तेव्हा प्रश्नच नव्हता. परदेशी मालमत्तेचा दुसरा एक फॉर्म आहे, ८९३८. इथे राहणाऱ्या एकट्या माणसासाठी तो वर्षअखेरीला ५०,००० डॉलरच्या वर किंवा वर्षात कधीही ७५,००० च्या वर गेल्यावर लागतो, म्हणून मी त्यातून सुटलो.

एफबार भरताना आईच्या खात्याची आठवण झाली. तिच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यावर दुसरं नाव माझं आहे, सोयीसाठी. त्यातला एक पैसाही माझा नाही, व्याज तिच्या पॅनवर जातं, ते माझ्या उत्पन्नात येत नाही. पण एफबारमध्ये संयुक्त खातं आणि त्यातली वर्षातली सर्वात मोठी शिल्लक पूर्ण दाखवावी लागते, अर्धी नाही. आईला फोनवर विचारलं की वर्षभरात खात्यात जास्तीत जास्त किती होते, तर म्हणाली, "तुला कशाला हवंय? पैसे पाठवायचेत की मागायचेत?" समजावून सांगितल्यावर तिने पासबुकाचे फोटो पाठवले, आणि वर सांगितलं की तुझ्या सरकारला सांग, औषधाला लागतात.

भारतातलं विवरणपत्र मी ऑगस्ट २०२५ मध्ये भरलं. मुदत एरवी ३१ जुलैची, त्या वर्षी ती सप्टेंबरपर्यंत वाढली होती. अनिवासीला सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. त्यात निवासाचा प्रकार अनिवासी, दुसऱ्या देशाचं नाव आणि तिथला कर क्रमांक. एनआरओ व्याज इतर उत्पन्नात, एनआरई व्याज करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात. करमुक्त असलं तरी दाखवलेलं बरं, कारण मोठ्या ठेवींची माहिती कर खात्याकडे एरवीही असते. टीडीएसच्या तक्त्यातले आकडे २६एएसशी रुपया-रुपया जुळवले. बँक अनिवासींच्या कपातीचं तिमाही पत्रक, २७क्यू, उशिरा किंवा चुकीचं भरते तेव्हा पैसे कापलेले असतात पण २६एएसमध्ये दिसत नाहीत. तसं असेल तर विवरणपत्र भरण्याआधी बँकेकडून दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर परतावा तेवढा कमी येतो.

परतावा येण्यासाठी खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं. मी एनआरओ बचत खातं दिलं. खरी कटकट सहीची होती. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी लागते, आणि आधारचा ओटीपी जातो भारतातल्या जुन्या मोबाइल नंबरवर. तो नंबर बंद केला असेल तर नेटबँकिंगमधून पोर्टलवर जाऊन पडताळणी होते, मी तशीच केली. तेही नसेल तर सही केलेली पोच टपालाने बंगळूरूला पाठवायची, त्याच ३० दिवसांत.

ऑक्टोबरमध्ये पैसे आले, ४८,४३८ रुपये. ४६,८०० आपले, आणि १,६३८ रुपये सरकारने इतके महिने पैसे वापरल्याबद्दलचं व्याज. एक एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का. हे व्याजसुद्धा उत्पन्नच आहे. भारतात ते २०२५-२६ च्या विवरणपत्रात जाईल आणि अमेरिकेत २०२५ च्या. मी वहीत नोंद करून ठेवली: सुमारे १९ डॉलर, शेड्यूल बी, देणारा भारत सरकार.